इंग्रजी मॅनेजरचा मेल जपानी क्लायंटकडे पाठवताना: केइगोची पायरी कशी ठरवायची

तुम्ही एन-२ पास झालात, पुण्यातल्या एखाद्या टीममध्ये लागलात आणि दुसऱ्याच आठवड्यात मॅनेजरनं एक इंग्रजी मेल पुढे केला: "हा जपानीत करून क्लायंटला पाठव." मॅनेजर अमेरिकेत, क्लायंट टोकियोत आणि मधे तुम्ही. हा लेख त्या दिवसासाठी आहे. जेएलपीटीत पर्यायांवर खूण करायची असते, स्वतः एक ओळही लिहायची नसते. त्यामुळे केइगो, म्हणजे जपानीतली आदरार्थी भाषा, वाचताना ओळखू येते आणि लिहिताना हात अडतो.

माझा हात अडला नाही, हीच अडचण झाली. पहिल्याच महिन्यात मी क्लायंटला लिहिलं, "सुमिसु-बुचोऊ गा ओश्शात्ते इमाशिता". अर्थ सरळ: "स्मिथसाहेब म्हणाले होते की…" व्याकरण बरोबर होतं, शब्द अदबीचे होते. दुसऱ्या दिवशी आमच्या टोकियोच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा फोन आला. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "हा मेल वाचताना तानाका-सामांना या मेलमध्ये कोण मोठं वाटलं असेल?" मी सगळा आदर आमच्याच साहेबाला देऊन टाकला होता, तोही क्लायंटच्या समोर. (तानाका आणि स्मिथ ही नावं इथे उदाहरणापुरती.)

ही चूक आपल्याकडून होते याचं कारण मराठीत आहे. आपण बाहेरच्या माणसालाही सांगतो, "साहेब मीटिंगमध्ये आहेत, ते तुम्हाला फोन करतील." "साहेब मीटिंगमध्ये आहे" असं कुणी म्हटलं तर कानाला खटकतं. आपल्या भाषेत आदर माणसाच्या वयाला आणि हुद्द्याला चिकटलेला असतो, ऐकणारा कुणी का असेना. जपानीत तो ऐकणारा कोण यावर ठरतो. तोच स्मिथ ऑफिसात "सुमिसु-सान" असतो आणि क्लायंटसमोर नुसता "सुमिसु". ही एक गोष्ट हातात पक्की बसली की पुढच्या पायऱ्या सोप्या जातात.

## हाताशी काय हवं

- त्या क्लायंटशी आधी झालेला पत्रव्यवहार, निदान त्यांच्याकडून आलेले शेवटचे तीन-चार मेल. त्यांची सही असलेला मेल तर हवाच.
- आपल्या आणि त्यांच्या बाजूचे लोक, त्यांचे विभाग आणि हुद्दे यांची छोटी यादी. मी ती एका एक्सेल शीटमध्ये ठेवते.
- मॅनेजरला विचारायच्या प्रश्नांची जागा: चॅट, फोन, काहीही. हे न विचारता काम होत नाही, कारण पुढे दिसेल तसं इंग्रजी मेल बऱ्याच गोष्टी सांगतच नाही.
- "केइगो नो शिशिन" ही मार्गदर्शिका. जपानच्या सांस्कृतिक व्यवहार खात्याच्या, म्हणजे बुन्काचोऊच्या, परिषदेनं ती २००७ साली दिली आणि ती खात्याच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. शंका आली की मी आजही तीच उघडते.

जपानी शब्द इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टाइप करताना अर्थातच कानजीत करायचे.

## १. मेल कुणाच्या तोंडून जातोय ते आधी ठरवा

मॅनेजरच्या नावानं, त्याच्या सहीनं मेल जाणार असेल तर "मी" म्हणजे स्मिथ. तुम्ही त्या मेलमध्ये कुठेच नाही. मेल तुमच्या आयडीवरून, तुमच्या सहीनं जाणार असेल तर "मी" म्हणजे तुम्ही, आणि स्मिथ तिसरा माणूस होतो. दोन्हीची सरमिसळ झाली की क्लायंटला उत्तर कुणाला द्यायचं तेच कळत नाही. पहिल्या परिच्छेदात स्मिथ बोलतोय आणि तिसऱ्यात "सुमिसु शुक्रवारी पाठवेल" असं आलंय, असे मेल मी पाहिले आहेत.

तुमच्या नावानं जात असेल तर सुरुवातीलाच सांगून टाका की मी स्मिथच्या वतीनं लिहिते आहे: "हेइशा सुमिसु नि कावारिमाशिते, गोरेन्राकु इताशिमास." "हेइशा" म्हणजे आमची कंपनी, नम्रपणे म्हटलेली. स्मिथच्या नावामागे "सान" नाही, हे लक्षात घ्या.

## २. मधे एक रेघ ओढा

कागदावर खरंच ओढा, निदान पहिले काही दिवस. रेघेच्या या बाजूला "उचि", म्हणजे आतले: तुम्ही, स्मिथ, स्मिथचा वरिष्ठ, तुमच्या कंपनीचा अध्यक्ष, सीसीमध्ये असलेले तुमचे टोकियोचे जपानी सहकारीसुद्धा. त्या बाजूला "सोतो", बाहेरचे: तानाका, त्यांच्या हाताखालची कालच लागलेली मुलगी आणि त्यांचे ग्राहक.

या बाजूच्या कुणालाही आदराचं रूप लागत नाही. त्या बाजूच्या प्रत्येकाला लागतं. तुमच्या कंपनीचा अध्यक्ष आणि त्यांच्याकडची नवी मुलगी एकाच वाक्यात आली तर आदर मुलीला जातो. मराठी मनाला हे पहिल्यांदा जड जातं, पण इथे अपवाद करू नका.

यात एक बारीक जागा आहे जिथे शिकलेली माणसंही घसरतात. हुद्दा नावाच्या मागे लावला, "सुमिसु-बुचोऊ", की तो आदर होतो, "सान"सारखाच. हुद्दा नावाच्या आधी आला, "बुचोऊ नो सुमिसु", की ती नुसती माहिती: विभागप्रमुख असलेला स्मिथ. त्यामुळे आपल्या माणसाचा हुद्दा सांगायचा असेल तर तो आधी घाला.

## ३. नाव आणि संबोधन

मॅनेजर लिहितो "हाय केंजी". तुम्ही पहिल्या ओळीत कंपनीचं पूर्ण नाव, दुसरीत विभाग आणि मग आडनावाला "सामा" लावून "तानाका-सामा" लिहा. पहिल्या नावानं हाक मारणं तिथेच थांबतं, कॉलवर ते दोघं एकमेकांना माइक आणि केंजी म्हणत असले तरी.

"बुचोऊ-सामा" असं दुहेरी लिहू नका. "बुचोऊ तानाका-सामा" चालतं. माणूस माहीत नसेल आणि मेल विभागाला जात असेल तर विभागाच्या नावाच्या मागे "ओन्चू". "ओन्चू" आणि "सामा" एकाच नावावर कधीच येत नाहीत.

आडनाव त्यांच्या सहीतून कॉपी-पेस्ट करा, टाइप करू नका. वातानाबे किंवा साइतोऊ ही आडनावं वेगवेगळ्या कानजीत लिहिली जातात आणि तुमचा कीबोर्ड सगळ्यात प्रचलित असलेली पुढे करतो. दुसऱ्याच वातानाबेंचं नाव वर घालून खाली कितीही अदब ओतली तरी ती वाया जाते.

त्यांच्या कंपनीला लेखी मेलमध्ये "किशा" म्हणा. तुम्ही कॉलवर ऐकता तो "ओन्शा" हा बोलण्यातला शब्द आहे.

## ४. क्रियापदाची दिशा: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

जपानीत कर्ता बहुतेक वेळा लिहीतच नाहीत. कुणी केलं हे क्रियापदाचं आदराचं रूपच सांगतं. समोरच्याच्या क्रियेला "सोन्केइगो", म्हणजे उंचावणारं रूप. आपल्या क्रियेला, जी समोरच्याकडे जाते, "केन्जोऊगो", म्हणजे आपल्याला खाली ठेवणारं रूप. "ओओकुरि इताशिमास" म्हटलं की आम्ही पाठवतो. "ओओकुरि नि नारिमास" म्हटलं की तुम्ही पाठवता. वाक्यात कुठेही "आम्ही" वा "तुम्ही" नाही, तरी वाचणाऱ्याला शंका राहत नाही. म्हणून इथली चूक नुसती उद्धटपणाची नसते, कामाची माहितीच उलटी होते.

आता इंग्रजीकडे बघा. मॅनेजर लिहितो की शीट बुधवारी पाठवली जाईल. कोण पाठवणार? इंग्रजी कर्मणी प्रयोगानं ते झाकून ठेवलं आहे आणि इंग्रजी वाचणाऱ्याला संदर्भावरून चालून जातं. जपानीत तुम्हाला रूप निवडावंच लागतं, म्हणजे कर्ता ठरवावाच लागतो. अंदाजानं ठरवू नका. चॅटवर एक ओळ टाका: "शीट आपण पाठवणार की ते?"

दुसरा झाकलेला शब्द म्हणजे इंग्रजीतला "वी". यावर मराठीकडे एक चांगली युक्ती आहे जी इंग्रजी बोलणाऱ्याकडे नाही. प्रत्येक "वी" आधी मनात मराठीत करा: "आम्ही" होतं की "आपण"? "आम्ही" झालं तर ती या बाजूची क्रिया, केन्जोऊगो किंवा "हेइशा". "आपण" झालं, म्हणजे ते आणि आम्ही मिळून, तर सरळ "हेइशा" लिहिणं चूक आहे. तुम्ही त्यांच्याही वाट्याचं काम स्वतःच्या अंगावर घेता. "वी नीड टु टेस्ट धिस बाय फ्रायडे" या एका वाक्यावरून मी एकदा मॅनेजरला दोनदा फोन केला आहे, आणि दुसऱ्यांदा कळलं की टेस्ट त्यांनी करायची होती.

रूपं थोडीच पाठ लागतात. बघणं: त्यांचं "गोरान नि नारु", आपलं "हाइकेन सुरु". सांगणं: त्यांचं "ओश्शारु", आपलं त्यांना उद्देशून "मोऊशिआगेरु". करणं: त्यांचं "नासारु", आपलं "इतासु". येण्याजाण्यासाठी त्यांचं "इराश्शारु". एवढ्यावर रोजचे मेल निघतात.

आपल्या जाण्याला मात्र दोन शब्द आहेत आणि त्यांतला फरक समजून घेण्यासारखा आहे. "उकागाउ" म्हणजे आदरणीय माणसाकडे जाणं. आदर पोचायला पलीकडे कुणीतरी लागतं. "माइरु" म्हणजे नम्रपणे सांगितलेलं जाणं. आदर ऐकणाऱ्याला मिळतो, ठिकाणाला नाही. मार्गदर्शिकेतलंच उदाहरण आहे: "धाकट्या भावाकडे उकागाइमास" चूक, कारण त्यात तुम्ही भावाला उंच केलं, "भावाकडे माइरिमास" बरोबर. मेलमध्ये याचा अर्थ असा की क्लायंटच्या ऑफिसात जायचं तर "उकागाउ", आपल्याच चेन्नईच्या प्लांटला किंवा नुसतं टोकियोला जायचं तर "माइरु".

आणखी एक सापळा दिसायला फार सभ्य आहे. "गोरियोऊ देकिमास", म्हणजे "आपण वापरू शकता". पुढे "गो" आहे म्हणून ते आदराचं वाटतं. पण "गो… देकिरु" हे "गो… सुरु" या केन्जोऊगोचंच शक्यतेचं रूप आहे, म्हणजे ते आपल्या क्रियेचं रूप क्लायंटला चिकटवतं. "गोरियोऊ इतादाकेमास" किंवा "गोरियोऊ नि नारेमास" लिहा. तसंच "कृपया आमच्या इंजिनिअरला विचारा" याला "उकागात्ते कुदासाइ" लिहू नका. "उकागाउ"ला विचारणं असाही अर्थ आहे, पण तसं लिहिलं की क्लायंटला आपल्या इंजिनिअरपुढे वाकायला लावलं. "ओताझुने कुदासाइ" हे ठीक.

## ५. विनंती किती वर चढवायची

इंग्रजीतलं "प्लीज" सगळीकडे एकच असतं. जपानीत "तपासा" हे सांगायच्या पायऱ्या आहेत. "गोकाकुनिन कुदासाइ" सभ्य आहे, पण मुळात आज्ञा आहे. "गोकाकुनिन ओ ओनेगाइ इताशिमास" ही कामकाजातली नेहमीची पायरी. "गोकाकुनिन इतादाकेमास देशोऊ का" हा प्रश्न आहे, नकाराला जागा ठेवणारा. "गोकाकुनिन इतादाकेमास तो साइवाइ देस", म्हणजे "तपासलंत तर बरं होईल", ही इच्छा.

नवखे लोक सगळीकडे शेवटची वापरतात, कारण ती सगळ्यात मऊ. मग दिलेली तारीख उलटते आणि उत्तर येत नाही. तानाकांची काही चूक नाही. तुम्ही ते ऐच्छिक असल्यासारखं लिहिलंत. काम ज्याच्यावर अडून आहे अशा तारखेला "ओनेगाइ इताशिमास" हेच लिहा आणि मऊपणा वाक्याच्या सुरुवातीला आणा: "ओसोरेइरिमास गा" किंवा "ओतेसू ओ ओकाके शिमास गा", मराठीत "तसदीबद्दल क्षमस्व, पण". जपानी लोक याला कुशन-कोतोबा म्हणतात, उशी ठेवणारे शब्द. एका विनंतीला एक उशी पुरते.

मॅनेजरच्या "नोटेड", "गॉट इट" यासाठी "र्‍योऊकाइ शिमाशिता" लिहू नका. क्लायंटला "शोऊचि इताशिमाशिता" जातं.

## ६. नकार

इथे दोन उलट्या चुका होतात. एक तर इंग्रजीतलं "वी कान्ट" जसंच्या तसं "देकिमासेन" होतं आणि दार आपटल्यासारखं वाजतं. नाहीतर ते इतकं विरघळतं की क्लायंटला अजून आशा आहे असं वाटतं आणि तो पुढच्या आठवड्यात त्याच फीचरबद्दल विचारतो.

मधलं रूप "इताशिकानेमास" आहे: "करणं आम्हाला शक्य होत नाही". नकार पूर्ण आहे आणि सभ्यही. पण सावध राहा. रूप होकारार्थी दिसतं म्हणून अनेकांना वाटतं की नकार आणायला "इताशिकानेमासेन" लिहावं. त्याचा अर्थ नेमका उलटा होतो: "आम्ही तसं करून बसूही". ही चूक स्पेलचेक पकडत नाही. प्रत्येक वेळी बोट ठेवून वाचा.

माफीसाठी "सुमिमासेन" बोलण्यात ठीक, क्लायंटच्या मेलमध्ये "मोऊशिवाके गोझाइमासेन". मॅनेजरनं उशिराचं कारण दिलं नसेल तर स्वतःहून घालू नका. जपानी मेल कारणाशिवाय बोडका वाटतो आणि "तपासणीला वेळ लागल्यामुळे" असं काहीतरी घालायचा मोह होतो. पण ते कारण क्लायंटच्या फायलीत जातं आणि पुढच्या बैठकीत त्यावर प्रश्न येतात. मॅनेजरला विचारा, तो देईल ते लिहा.

## ७. एक मेल सुरुवातीपासून शेवटपर्यंत

मॅनेजरचा इंग्रजी मेल, त्याचा मराठीत अर्थ असा: "हाय केंजी, कालच्या कॉलबद्दल थँक्स. टेस्ट रिपोर्टला दोन दिवस जास्त लागतील, बुधवारऐवजी शुक्रवारी देऊ. सोबतची स्पेक शीट बघ आणि गुरुवारपर्यंत कमेंट्स दे. नवं फीचर या बजेटमध्ये बसत नाही. पुढच्या आठवड्यात मी टोकियोत आहे, भेटूया. चिअर्स, माइक."

लिहायला बसण्याआधी माझे तीन प्रश्न. एक: उशीर का? उत्तर आलं, "कारण नको, नुसती माफी माग." दोन: गुरुवार अडून आहे का? "हो, त्याशिवाय शुक्रवार जमणार नाही." तीन: शुक्रवार कुणाचा? हा प्रश्न लोक विसरतात. मॅनेजर अमेरिकेत असेल तर त्याची शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे जपानातली शनिवारची सकाळ. "काल"चंही तसंच; कॉल त्याच्या सोमवारी संध्याकाळी झाला असेल तर तानाकांच्या कॅलेंडरवर तो मंगळवारी आहे. मी नेहमी जपानची तारीख आणि वार दोन्ही घालते. इथे सोपं जावं म्हणून नुसते वार ठेवते आहे. मेल स्मिथच्या नावानं जाणार.

कंपनी, विभाग, "तानाका-सामा". मग:

> इत्सुमो ओसेवा नि नात्ते ओरिमास. (कंपनीचं नाव) नो सुमिसु देस.

इंग्रजीत हे वाक्य नव्हतं. तरी ते हवंच. ओळखीच्या क्लायंटचा मेल याशिवाय सुरू होत नाही. पहिल्यांदाच लिहीत असाल तर मात्र हे चालत नाही, कारण आजवर संबंध आलेलाच नसतो. तिथे "हाजिमेते गोरेन्राकु इताशिमास" असं लिहा.

> साकुजित्सु वा ओइसोगाशिइ नाका ओजिकान ओ इतादाकि, माकोतो नि आरिगातोऊ गोझाइमाशिता.

"थँक्स फॉर द कॉल"मध्ये आभार कॉलचे आहेत. जपानीत ते तानाकांनी दिलेल्या वेळेचे झाले. "इतादाकु", म्हणजे नम्रपणे घेणं, ही आपली क्रिया.

> तेसुतो होऊकोकुशो नि त्सुकिमाशिते, तोऊशो सुइयोऊबि नि ओओकुरि सुरु योतेइ देशिता गा, किन्योऊबि नो ओतोदोके तो नारिमास. गोमेइवाकु ओ ओकाके शि, माकोतो नि मोऊशिवाके गोझाइमासेन.

कारण नाही, माफी आहे. तारीख बदलल्याचं पहिल्याच वाक्यात स्वच्छ आलं.

> ओसोरेइरिमास गा, तेन्पु नो शियोऊशो ओ गोकाकुनिन नो उए, मोकुयोऊबि मादे नि गोइकेन ओ ओशिरासे कुदासाइमासु योऊ, ओनेगाइ इताशिमास.

एक उशी, एक ठाम विनंती. त्यांच्या मतांना "गोइकेन", "गो" लावून. आपल्या मताला तो लागत नाही.

> नाओ, त्सुइका किनोऊ नि त्सुकिमाशिते वा, गेन्झाइ नो गोयोसान नो हान्इ दे वा ताइओऊ इताशिकानेमास.

बजेट त्यांचं म्हणून "गोयोसान". माझ्या पहिल्या मसुद्यात यापुढे "वेगळं अंदाजपत्रक देऊ शकू" असं एक वाक्य होतं. मेल ऐकायला बरा वाटत होता. पण स्मिथनं ते म्हटलेलं नव्हतं, म्हणून काढलं.

> राइशू तोऊक्योऊ नि माइरिमास नोदे, गोत्सुगोऊ गा योरोशिकेरेबा, किशा नि उकागाइताकु झोन्जिमास.

एकाच वाक्यात दोन जाणी: टोकियोला "माइरिमास", त्यांच्याकडे "उकागाइताकु". "भेटूया"मध्ये कोण कुणाकडे येणार ते नव्हतं. क्लायंटला आपल्याकडे बोलावण्यापेक्षा आपण जाणं हे सुरक्षित, पण हेही मी स्मिथला विचारून घेतलं.

> कोन्गो तोमो योरोशिकु ओनेगाइ इताशिमास.

"चिअर्स"च्या जागी हे. मग स्मिथचं नाव काताकानात, कंपनी, फोन. पाच ओळींचे बारा-तेरा झाले. मॅनेजरनं विचारलं, "इतकं काय लिहिलंस?", तर त्याला प्रत्येक ओळीचा अर्थ सांगता आला पाहिजे. त्याच्या नावानं एकही नवी कबुली गेलेली नसली पाहिजे.

## ८. पाठवण्याआधी दोन वाचनं

पहिलं वाचन फक्त क्रियापदांचं. प्रत्येकाखाली बोट ठेवा आणि स्वतःला विचारा: हे कुणी केलं? रूपातून तोच माणूस दिसतो का?

दुसरं वाचन काढून टाकण्यासाठी. घाबरलेला माणूस एकावर एक आदर चढवतो: "गोरान नि नारारेमाशिता का", "ओश्शारारेरु". "गोरान नि नारु" हेच आदराचं रूप आहे, त्यावर पुन्हा "रेरु" हा एकाच प्रकारचा आदर दोनदा झाला; याला "निजू-केइगो" म्हणतात. "गोरान नि नारिमाशिता का" पुरे.

आणि "सासेते इतादाकु" मोजा. हे रूप मुळात दोन्ही गोष्टी एकत्र असतील तिथे शोभतं: समोरच्याची परवानगी लागते, आणि त्या परवानगीनं आपलं काही भलं होतं. सुट्टी घेणं, त्यांच्या साहित्याची प्रत काढणं वगैरे. अटॅचमेंट पाठवायला तानाकांची परवानगी कशाला? "ओओकुरि इताशिमास" बस. एका मेलमध्ये हे रूप तीनदा आलं की मराठीत प्रत्येक वाक्यात "आपली आज्ञा असेल तर" म्हटल्यासारखं वाटतं. माझे सुरुवातीचे मेल असेच होते आणि ते टोकियोच्या त्याच सहकाऱ्यांनी लाल शाईनं रिकामे केले.

## ९. उत्तर आल्यावर

पायरी एकदा ठरवून कायमची राहत नाही. तानाकांचं उत्तर "मोऊशिआगेमास", "झोन्जिमास" अशा थाटात आलं तर तुम्हीही तिथेच राहा. काही महिन्यांनी ते "देस-मास"मध्ये, दोन ओळींत, "सुमिसु-सान" म्हणून लिहायला लागले तर तुम्हीही विनंतीची एक पायरी उतरू शकता. "इतादाकेमास देशोऊ का"च्या जागी "ओनेगाइ शिमास" चालेल. "सामा", "हेइशा" आणि आपल्या माणसांना न लावलेला "सान" मात्र तसेच ठेवा.

त्यांच्याकडून नवा माणूस सीसीत आला की पायरी पुन्हा पहिल्या जागी नेते मी, आणि शीटमध्ये त्याच्या नावाची ओळ टाकते: नाव त्यांच्या सहीतून जसंच्या तसं, विभाग, हुद्दा, पहिल्या मेलची तारीख. एप्रिलमध्ये ही शीट हमखास बदलते, कारण बहुतेक जपानी कंपन्यांचं वर्ष तेव्हा सुरू होतं आणि बदल्या होतात. कालपर्यंतचे काचोऊ आज बुचोऊ झालेले असतात. म्हणून मार्च संपला की प्रत्येक क्लायंटची ताजी सही मी पुन्हा एकदा ताडून घेते.